ताई ‘येते’ म्हणेल, तेच लिही

नमस्कार काकू,

या महिन्याअखेरीस माझ्या ताईचं लग्न आहे. आम्ही सांगलीचे, तिचं सासर नागपूरला. ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. इन्स्टाग्रामवर लग्नाच्या फोटोंखाली टाकायला कॅप्शन लिहायला बसलो आणि अडकलो. पहिलं लिहिलं ते असं: ‘ताई रोज सकाळी मला उठवायची, माझ्यासाठी बाबांशी भांडायची, घरात तिचाच आवाज असायचा. आता ताई गेली आणि घर पोरकं झालं.’ आईला वाचून दाखवलं तर ती उठून आत गेली. नंतर म्हणाली, असलं अभद्र काही टाकू नकोस. मित्र म्हणतात, ‘सुटलो एकदाचा, खोली माझी झाली’ असं लिही, लोक हसतील. तेही मनाला पटत नाही. घरात सगळे खूश आहोत, दाजी चांगले आहेत. लाह्या घालायला आणि कान पिळायला मीच आहे. ताई तर एवढ्या गडबडीतही रोज रात्री मला ओट्याशी उभं करून विरजण लावायला शिकवतेय, कारण आईचा हात दुखतो आणि हे काम आजवर ताईच करत आलीय. वाईटही वाटतंय आणि आनंदही होतोय. दोन्ही येईल असं कसं लिहू?

– धाकटा, सांगली

तुझी आई उठून आत गेली ती ‘गेली’ या एका शब्दामुळे. आपल्याकडे घरातून बाहेर पडणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. चुकून कुणी ‘जातो’ म्हणालं की आजी तिथल्या तिथे थांबवते, ‘जातो म्हणू नये, येतो म्हण.’ बांगडी फुटली तरी आपण ती ‘वाढवली’ म्हणतो, दिवा ‘मालवला’ म्हणतो. शुभ दिवसांत तर ही काळजी दुप्पट घेतली जाते. अशा घरात, दारात मांडव पडायच्या आधी, पोराच्या तोंडून ‘ताई गेली आणि घर पोरकं झालं’ हे ऐकल्यावर आईला काय ऐकू आलं असेल बघ. तू ‘सासरी’ हा शब्द मनात धरला होतास, पण तो कागदावर आला नाही. आणि ‘पोरकं’ म्हणजे ज्याला आईबाप नाहीत ते. तुझ्या घरात आईबाबा दोघंही आहेत, आणि हे कॅप्शन दोघंही वाचणार आहेत.

त्याहून मोठी अडचण मात्र वरच्या वाक्यात आहे, आणि ती पटकन लक्षात येत नाही. ‘उठवायची, भांडायची, असायचा.’ मराठीत एखाद्या माणसाबद्दल अशी तीन क्रियापदं ओळीनं आली की वाचणाऱ्याचं मन आपोआप फोटोला हार घालतं. वर्तमानपत्रातल्या पुण्यस्मरणाच्या चौकटी याच क्रियापदांवर चालतात. तीच वाक्यं आजच्या काळात म्हणून बघ: ‘ताई रोज सकाळी मला उठवते. माझ्यासाठी बाबांशी भांडते.’ बाई लगेच घरात चालायला लागते की नाही? आणि हे खरंही आहे. ती नागपूरहून फोन करून तुला उठवेल, बाबांशी भांडायला तर अंतराची अडचणच नाही. पाठवणीच्या दिवशी आपल्याला वाटतं की सगळं संपलं, म्हणून हात आपोआप भूतकाळ लिहितो. म्हणून लिहून झाल्यावर फक्त क्रियापदांवरून बोट फिरव. ‘होती’, ‘असायची’, ‘करायची’ दिसलं की ते ‘आहे’, ‘असते’, ‘करते’ करून बघ. जिथे अर्थ टिकतो तिथे तसंच ठेव. जिथे टिकत नाही, तिथे खरोखर काहीतरी संपतंय. तेवढी एकच जागा भूतकाळाची, आणि डोळ्यांत पाणी येईल ते तिथेच.

मित्रांनी सुचवलेल्या ओळीबद्दल तुझं मन बरोबर सांगतंय. भावाबहिणीत ‘सुटलो एकदाचा’ घरात शोभतं, कारण म्हणणाऱ्याचा चेहरा समोर असतो. इन्स्टाग्रामवर तो चेहरा नसतो, आणि वाचणाऱ्यांत दाजींच्या मावशा, चुलत नणंदा, नागपूरचे शेजारी असतात. ताईला अजून त्यांची नावंही नीट पाठ नाहीत. तिच्या पहिल्या चार दिवसांत त्या घरी तिच्याबद्दल जे थोडंफार ठाऊक असेल, त्यात तुझं कॅप्शन असणार. म्हणून भांडखोर, झोपाळू, स्वयंपाकात कच्ची, खर्चिक, यातलं काहीही गंमतीतसुद्धा घालू नकोस. ‘काय गं, तुझा भाऊ असं लिहितो’ असं कुणी तिला सोफ्यावर बसवून विचारलं तर ती हसून उत्तर देऊ शकेल का, एवढं डोळ्यांसमोर आण. त्याच कारणासाठी ‘दाजी, ताईला रडवलंत तर याद राखा’ हेही नको. हल्ली बरेच भाऊ प्रेमानं असं लिहितात, पण ज्या माणसाला तुम्ही सगळ्यांनी पसंत करून घरात घेतलंय त्याला पहिल्याच दिवशी दटावायचं कशाला?

आता तुझ्या पत्राकडे येते. लिहायला काय घ्यायचं म्हणून तू अडलास, आणि शेवटी शेवटी, जाता जाता, ती विरजणाची ओळ लिहून गेलास. माझं बोट तिथेच थांबलं. लग्नाला काही दिवस उरलेत, हाताला मेंदी लागायची आहे, पाहुण्यांच्या याद्या चालल्यात, आणि तुझी ताई रात्री भावाला ओट्याशी उभं करून दुधात बोट बुडवायला लावतेय. कोमट म्हणजे किती कोमट, हे कुणाला शब्दांत सांगता येत नाही. बोटाला सोसेल पण ऊब कळेल इतकं. फार गरम दुधात विरजण घातलं तर दही फुटून पाणी सुटतं, फार गार असलं तर सकाळी दूध तसंच. उन्हाळ्यात चमच्याची टोकभर पुरतं, थंडीत जरा जास्त लागतं आणि भांडं उबेला ठेवावं लागतं. ही सगळी माहिती ती तुझ्या बोटात घालून ठेवतेय, कारण तिला ठाऊक आहे की ती नसताना सकाळी फडताळ उघडलं की आईला दही दिसलं पाहिजे. घराची काळजी आणि घरातून निघणं, दोन्ही त्या एका पातेल्यात आहे. तुला आणखी दुसरं काही शोधायची गरज नाही.

माझं लग्न 1991 साली झालं. माझा भाऊ तेव्हा कॉलेजात होता. पाठवणीच्या वेळी तो कुठे दिसलाच नाही, मला फार लागलं होतं. आठ दिवसांनी त्याचं आंतरदेशीय पत्र आलं. त्यात ना ‘तुझी आठवण येते’, ना ‘घर सुनं झालं’. लिहिलं होतं की गॅसचा नंबर लावला, सिलेंडर मंगळवारी येईल; तुझ्या कॉटखाली सापडलेली एक चप्पल आईने धुऊन ठेवलीय, दुसरी कुठे आहे ते कळव. मी ते पत्र मोरीत जाऊन वाचलं आणि पोटभर रडले, आणि रडताना हसतही होते, कारण दुसरी चप्पल माझ्याच ट्रंकेत होती. तुला जे दोन्ही एकदम हवंय ते असंच येतं. भावनेचं नाव घेतलं की वाचणारा मान डोलावून पुढे जातो. चप्पल दाखवली की तो स्वतःच्या बहिणीची चप्पल आठवतो.

वाईट वाटणं विरजणात आलं. आता आनंद कुठून आणायचा? तो विनोदातून आणू नकोस, पुढच्या भेटीतून आण. आपल्या रीतीनं भावाला या लग्नात नुसतं उभं राहून रडायला ठेवलेलं नाही, त्याला कामं दिलीत. लाजाहोमाला बहिणीच्या ओंजळीत लाह्या तू घालणार आणि ती त्या होमात सोडणार. नवऱ्या मुलाचा कान तू पिळणार आणि मानाचं पागोटं म्हण, शर्टपीस म्हण, घेऊन उठणार. आणि लग्नानंतर सणाला तिला माहेरी आणायला जाणारा मुराळीही तूच. हा शब्द आता फारसा ऐकू येत नाही, पण तुझ्या आजीच्या वयाच्या बायकांना विचार. त्यांच्या जात्यावरच्या ओव्यांमध्ये सगळ्यात जास्त वाट बघितली जाते ती मुराळी म्हणून येणाऱ्या भावाची. तेव्हा बैलगाडी होती, आता सांगलीहून महाराष्ट्र एक्स्प्रेस आहे. एक रात्र आणि बराचसा दिवस गाडीत काढला की तू नागपुरात. मुराळी हा शब्द कॅप्शनमध्ये आला की ताईचं निघणं एकतर्फी राहत नाही, आणायला माणूस ठरलेला आहे हे त्यातून कळतं. तुझी आई तो शब्द वाचून आत जाणार नाही.

मग लिहायला बसू. मी पहिल्यांदा जुळवलं ते असं:

‘विरजण लावायला शिकवणारी माझी ताई आज नव्या आयुष्याची सुरुवात करतेय. या सुंदर प्रवासासाठी खूप खूप शुभेच्छा.’

हे जमलं नाही. पहिलं वाक्य तुझं आहे, दुसरं कुणाचंही असू शकतं, आणि दुसऱ्यानं पहिल्याला गिळलं. मग दुसरा प्रयत्न केला:

‘ताई, तू मला विरजण लावायला शिकवलंस तसं नव्या घरातही सगळ्यांना प्रेमाचं विरजण लावशील, याची खात्री आहे.’

हेही नको. दह्याला दहीच राहू दे. विरजणाचं प्रेम केलं की पातेलं, दूध, बोट सगळं नाहीसं होतं आणि भाषण उरतं. शिवाय ‘सगळ्यांना सांभाळून घे’ असा भार तिच्यावर टाकल्यासारखं होतं. तो भार टाकणारे बाकी पुष्कळ असतात, भावानं टाकू नये.

तिसऱ्यांदा मी फक्त जे घडतंय आणि घडणार आहे ते क्रमानं लिहिलं:

‘गेले आठ दिवस ताई मला विरजण लावायला शिकवतेय. दूध किती कोमट हवं ते बोटालाच कळतं, म्हणते.

लग्नात तिच्या ओंजळीत लाह्या घातल्या आणि दाजींचा कान पिळला. दोन्ही कामं तिच्यादेखत, चोख.

निघताना तिनं डब्यात घरचं विरजण घेतलं. दारात वळून म्हणाली, येते.

ये ताई. मुराळी तयार आहे. आलीस की दही चाखून सांग.’

यात ‘आठवण’, ‘अश्रू’, ‘आनंद’, ‘शुभेच्छा’ यातला एकही शब्द नाही, आणि तरी दोन्ही बाजू आल्यात असं मला वाटतं. ‘येते’ हा शब्द तुझ्या आईच्या धास्तीला उत्तर देतो. ‘गेली’ जिथे होतं, बरोबर तिथेच तो बसलाय. ‘चाखून सांग’ म्हणताना तू अजून तिचा विद्यार्थी आहेस आणि परीक्षा बाकी आहे, म्हणून शेवट हसरा होतो. दाजी आले, पण पाहुण्यासारखे नाहीत, कान पिळून घेणारे घरचे म्हणून आले. तुमच्याकडे ‘दाजी’ म्हणतात म्हणून मी तेच ठेवलं. नागपूरच्या लोकांना ‘भाऊजी’ जास्त ओळखीचं वाटेल, पण ‘दाजी’ वाचून त्यांना सांगली ऐकू आली तर चांगलंच आहे.

एक मात्र पाळ. डब्यातलं विरजण आणि दारातलं ‘येते’ हे मी अंदाजानं लिहिलंय. ताईनं खरोखर डबा नेला तरच ती ओळ राहील, आणि दारात ती काय बोलते ते तिथे उभं राहून ऐक. कदाचित ती ‘येते’ म्हणणार नाही, ‘गॅस बंद केलास का’ म्हणेल. तसं झालं तर तेच लिही, ते माझ्या ओळीपेक्षा चांगलं असेल. म्हणून आधीचं सगळं आता लिहून ठेव आणि तिसऱ्या परिच्छेदाची जागा रिकामी सोड. लग्नाच्या रात्री थकलेल्या डोक्याला एवढी एकच ओळ भरायची राहील.

पहिल्या ओळीचीही काळजी घे. इन्स्टाग्राम कॅप्शनला 2,200 अक्षरं देतं, पण फोटोखाली आधी जेमतेम दोन ओळीच दिसतात, बाकीचं बोट लावल्याशिवाय उघडत नाही. तिथे ‘आज शब्द अपुरे पडत आहेत’ असं आलं की पुढचं कुणी उघडत नाही. ‘ताई मला विरजण लावायला शिकवतेय’ हे लग्नाच्या फोटोखाली दिसलं की माणूस थांबतो, हे इथे कुठून आलं म्हणून.

फोटो पाठवणीचा नको. रडण्याच्या फोटोखाली कितीही हसरं लिहिलं तरी डोळे फोटोवरच राहतात, आणि त्या क्षणी ताईचा चेहरा कसा असेल ते तिला जगाला दाखवायचं असेलच असं नाही. पहिला फोटो लाह्यांचा ठेव. तो मिळायला आधी सांगून ठेवावं लागतं, कारण होमाच्या वेळी फोटोग्राफर समोर उभा राहून दोघांचे चेहरे टिपतो आणि भावाचा हात धुरात किंवा कुणाच्या तरी पाठीआड जातो. त्याला आदल्या दिवशीच सांग, लाह्यांच्या वेळी ताईच्या बाजूला येऊन फक्त हात घे. हिरव्या चुड्यात एखादी लाही अडकलेली, मेंदीच्या ओंजळीवर तुझे दोन हात, एवढं मिळालं तर चेहऱ्यांची गरजच नाही. कान पिळल्याचा फोटो दुसरा ठेव. तिथे सगळेच हसत असतात.

टाकण्याची घाई करू नकोस. पाठवणीच्या संध्याकाळी घरात मांडवाच्या खुर्च्या उचलणं चालू असतं, आई पलंगावर पडलेली असते, बाबा उगाच हिशेबाची वही काढून बसतात. त्या वेळी फोन हातात घेऊन बसू नकोस, बाबांजवळ बस. ताई पोचल्याचा फोन येऊ दे, गृहप्रवेश होऊ दे, तिची एक झोप होऊ दे. मग आधी तिलाच पाठव आणि विचार, ‘टाकू?’ तिनं एखादा शब्द काढायला सांगितला तर काढ. नंतर चूक दिसली तरी इन्स्टाग्रामवरचं कॅप्शन दुरुस्त करता येतं, पण तोवर लोकांनी वाचलेलं असतं.

आणि तो डबा खरंच द्या. स्टीलचा, घट्ट झाकणाचा, आत दही निम्म्याच्या वर नको, नाहीतर गाडीच्या हादऱ्यांनी झाकणातून पाणी येईल. झाकणावरून फडकं बांधून प्लास्टिकच्या पिशवीत घाल आणि लग्नाच्या शालूजवळ ठेवू नका. नागपूरच्या उन्हाळ्यात पोचेपर्यंत ते चांगलंच आंबलेलं असेल, म्हणून पहिलं दही तिकडे आंबट लागेल. ताईला सांग, ते कढीला घ्यायचं आणि त्यातलंच चमचाभर काढून पुन्हा लावायचं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला सांगलीची चव येते.